विषय: मेडिकल लीव्ह, ३० जुलै ते २८ ऑगस्ट (डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन)

प्रति: प्रसाद
सीसी: स्मिता मॅडम (एचआर), श्वेता
रविवार, २ ऑगस्ट, फोंडा

प्रसाद,

हा मेल मी पालथा पडून फोनला बोलून लिहितोय, भाची मध्ये मध्ये दुरुस्त करतेय, ती बारावीला आहे त्यामुळे शुद्धलेखन तिचं आणि कंटाळवाणेपणा माझा. फोनवर आपलं बोलणं झालं तेव्हा मी नुकता हॉस्पिटलातून घरी आलेलो आणि तू "लॅपटॉप खाली जमिनीवर ठेवला तर जमेल ना थोडं थोडं" असं विचारलंस, तेव्हा मी "बघतो" म्हणालो. तर बघितलं, आणि नाही जमणार. म्हणून आता नीट लेखी मागतोय: ३० जुलै ते २८ ऑगस्ट पूर्ण रजा, वर्क फ्रॉम होम नाही, "गरज पडली तर कॉल" पण नाही.

झालं काय ते आधी सांगतो कारण टीममध्ये "डोळ्याचं काहीतरी" एवढंच पोचलंय आणि रोहनला वाटतंय मोतीबिंदू. मंगळवारी २८ ला संध्याकाळी उजव्या डोळ्यात अचानक काळे ठिपके सुटले, कडेला वीज चमकल्यासारखं व्हायला लागलं, आणि मग नाकाच्या बाजूने एक काळी सावली आत यायला लागली. बुधवारी सकाळपर्यंत ती मधोमध आली, समोरच्याचा चेहराच दिसेना. पणजीला डॉक्टरांनी बाहुली मोठी करून बघितलं आणि सांगितलं, पडदा फाटलाय आणि फटीतून पाणी आत जाऊन तो मागच्या भिंतीपासून सुटलाय, मधला नाजूक भाग पण उचलला गेलाय, थांबण्यात अर्थ नाही. गुरुवारी ऑपरेशन झालं. डोळ्यातली जेली काढून टाकली, पडदा परत जागेवर बसवला, फटीच्या भोवती लेझर मारला आणि आत गॅस भरला. डाव्या डोळ्यात पण पडदा एका ठिकाणी पातळ सापडला म्हणून तिथेही आधीच लेझर मारून ठेवलाय.

स्मिता मॅडम, तुमच्या फॉर्ममध्ये "कामाशी संबंधित आहे का" असा रकाना आहे म्हणून सांगतो, नाही. डॉक्टरांना मी स्वतः विचारलं, स्क्रीनने पडदा सुटत नाही. माझा नंबर मायनस नऊ आहे, एवढ्या नंबरचा डोळा मुळातच लांबट असतो, पडदा ताणून पातळ झालेला असतो, तिथे फाटायचा धोका जास्त. त्यामुळे कंपनीवर काही नाही, बिनधास्त "नाही"वर टिक करा.

आता मुद्दा. पालथं पडणं म्हणजे आराम नाही, तोच उपचार आहे, हे ऑफिसात कुणाला कळत नाहीये म्हणून जरा लांबण लावतो. गॅसचा बुडबुडा हलका, तो नेहमी वर जाणार. पडदा डोळ्याच्या मागच्या बाजूला. मी तोंड खाली केलं की डोळ्याची मागची बाजू वर होते आणि बुडबुडा बरोबर पडद्याला दाबून धरतो, तेवढ्या वेळात लेझरचे डाग पक्के होतात. मी मान वर करून स्क्रीनकडे बघितलं की बुडबुडा सरकला पुढे, आणि पडद्याला टेकू राहिला नाही. परत सुटला तर परत ऑपरेशन, आणि दुसऱ्या वेळी निकाल पहिल्याइतका चांगला यायची खात्री कमी. म्हणून तासातली पन्नास मिनिटं तोंड खाली, दहा मिनिटं जेवण, बाथरूम, मान मोकळी करणं, ड्रॉप. रात्रीपण पालथंच. शुक्रवारी ७ तारखेला तपासणी आहे, तोपर्यंत हे असंच, मग बहुतेक डाव्या कुशीवर झोपायला सांगतील कारण फट कानाच्या बाजूला आहे, पण ते तेव्हा ठरेल.

लॅपटॉपचं म्हणशील तर मी खरंच करून बघितलं, खाटेच्या कडेवर डोकं, उशांच्या मधल्या फटीतून खाली बघायचं, कोब्याच्या जमिनीवर लॅपटॉप. दोन्ही हात लोंबकळत टाईप करायचं म्हणजे थोड्या वेळात खांद्यात कळ, बोटांना मुंग्या. डावा डोळा दिसतो पण एकाच डोळ्याने अंतराचा अंदाज येत नाही, चहाचा कप धरायला गेलो आणि कपाच्या अलीकडेच हात बंद केला. पेज पण आई वाटीत स्ट्रॉ घालून देते, चाळिशी जवळ आली तरी. दर दोन तासांनी एक ड्रॉप, दिवसातून चारदा दुसरा, रात्री प्रेशरचा तिसरा, त्याचं टाईमटेबल भाचीने भिंतीवर लावलंय जे मला दिसत नाही. या अवस्थेत पेमेंटच्या कोडला हात लावू देशील का तूच सांग. मी तरी मला रिव्ह्यूला सुद्धा घेणार नाही.

बंगलोरला १८ ऑगस्टला क्लायंटकडे जायचं होतं ते माझ्यापुरतं रद्द समज. गॅस आत असेपर्यंत विमान पूर्ण बंद. वर गेलं की केबिनमधला दाब कमी होतो, बुडबुडा फुगतो, डोळ्यातलं प्रेशर एवढं वाढू शकतं की रक्तपुरवठा थांबून नजर कायमची जाईल. आणि "मग बसने ये" असं कुणी सुचवायच्या आधी सांगतो, घाट चढणं पण नाही, चोर्ला असो की आंबोली. डॉक्टर म्हणाले तुम्ही गोव्यातच आहात ते बरं, खालच्या पट्ट्यात राहा. माझ्यात भरलेला गॅस सी३एफ८ आहे, तो पूर्ण विरायला साधारण सहा ते आठ आठवडे, म्हणजे सप्टेंबरच्या शेवटापर्यंत प्रवासाचा विषयच नको. तिकीट ट्रॅव्हल डेस्कने काढलं होतं, तेवढं कॅन्सल करायला सांग, सर्टिफिकेट दाखवलं तर पैसे जास्त परत मिळतील कदाचित. हाताला हिरवा पट्टा पण बांधलाय, त्यावर लिहिलंय गॅस आहे, भूल देताना नायट्रस ऑक्साईड देऊ नका. भाचीचं म्हणणं म्युझिक फेस्टिव्हलला जाऊन आल्यासारखा दिसतो.

रजेचा हिशेब: ३० जुलै ते २८ ऑगस्ट कामाचे दिवस २२ होतात. माझ्याकडे सिक १० आणि अर्न्ड १५ शिल्लक आहेत. आधी सिक १० पूर्ण लावा, मग अर्न्ड १२. उरल्या ३ त्या चवथीला, त्या मी जूनमध्येच टाकल्यात आणि तू अप्रूव्ह पण केल्यास, त्यांना कृपा करून कुणी हात लावू नका. पडदा सुटला तरी चालेल पण चवथीची रजा सुटलेली घरात खपणार नाही. पोर्टलवर मला अर्ज भरता येत नाहीये, कॅप्चा दिसत नाही, स्मिता मॅडम तुम्ही माझ्या वतीने टाकाल का? डिस्चार्ज समरी आणि डॉक्टरांचं सर्टिफिकेट सोबत जोडलंय, सर्टिफिकेटवर चार आठवड्यांची विश्रांती स्पष्ट लिहिलीय. इन्शुरन्सचं कॅशलेस झालं पण थोडी रक्कम आम्ही भरली, त्याची बिलं वहिनी सोमवारी पाठवेल.

श्वेता, तुझ्यासाठी. रिफंडच्या रीट्रायचं काम `feature/refund-retry` या ब्रँचवर आहे, टेस्ट पास आहेत, पण मायग्रेशन अजून स्टेजिंगवरच चालवलंय, प्रॉडक्शनवर नाही, आणि घाई करू नकोस. माझ्या मते हे या रिलीजमध्ये घालूच नये, प्रसाद तू पण वाच हे, क्लायंटला पंधरा दिवस उशीर परवडतो, एकाच माणसाला दोनदा रिफंड गेलेला नाही परवडत. मंगळवारी मी घातलेला टाईमआउटचा बदल मात्र आधीच लाईव्ह आहे, त्याने काही गडबड केली तर विचार न करता मागे घे:

```
kubectl -n billing rollout undo deployment/refund-worker
```

हे भाचीने एकेक अक्षर विचारून टाईप केलंय, तरी कॉपी करण्याआधी एकदा बघ. बाकी सगळं विकीवर आहे, "रिफंड" शोधलंस की पहिलंच पान.

ऑन-कॉल ८ आणि ९ ऑगस्टला माझं नाव लागलंय, ते आजच काढा. आज पहाटे अलर्ट वाजला आणि मी सवयीने झटकन उठून बसलो, नेमकं जे करायचं नाही तेच. आता फोनवरून ते अ‍ॅपच काढून टाकलंय, त्यामुळे मला अलर्ट गेला तर तो कुणालाच गेला नाही असं समजा.

परत येण्याबद्दल: डॉक्टर हो म्हणाले तर ३१ ऑगस्टपासून दोन आठवडे घरून अर्धा दिवस, मग बघू. गॅस कमी होतो तशी वरून एक रेघ खाली सरकत येते, वर दिसतं आणि खाली सगळं गढूळ, गवंड्याच्या लेव्हलमधल्या बुडबुड्यासारखी ती डोकं हलवलं की हलते. ती रेघ पूर्ण खाली जाईपर्यंत फोंडा ते पर्वरी स्कूटर शक्य नाही, त्यात पाऊस, त्यामुळे ऑफिसला यायचं सप्टेंबरअखेर धर. मधला भाग उचलला गेला होता म्हणून नजर किती परत येईल ते काही महिन्यांनी कळेल. आणि अशा ऑपरेशननंतर मोतीबिंदू लवकर होतो म्हणे, वर्ष-दोन वर्षात तेही करावं लागेल, आत्ताच सांगून ठेवतो म्हणजे तेव्हा आश्चर्य नको. रोहन तेवढ्यापुरता बरोबर ठरेल.

अप्रूव्हल मेलवर दिलंस तरी चालेल, भाची वाचून दाखवेल. अगदीच काही अडलं तर वहिनीच्या फोनवर संध्याकाळी चार ते पाच, नंबर एचआरकडे आहे, पण "अडलं" म्हणजे पासवर्ड वगैरे, "जरा एक मत हवं होतं" नव्हे. लाईट गेली की इथे नेट पण जातं आणि या पावसात रोज जातेच, उत्तर उशिरा आलं तर घाबरू नका.

मंदार

ता. क. माझ्या डेस्कवरच्या ड्रॉवरमध्ये काजूचं पाकीट आहे, महिनाभर ठेवून मुंग्या लागतील, खाऊन टाका.