सुरक्षा समितीच्या इतिवृत्तांतील प्रलंबित कामांची सद्यःस्थिती : ऑगस्ट 2024

दिनांक : 2 सप्टेंबर 2024
प्रति : प्रकल्प व्यवस्थापक, महाड एमआयडीसी कारखाना
प्रेषक : सुरक्षा अधिकारी
प्रत : सुरक्षा समितीतील कामगार प्रतिनिधी

महोदय,

10 जून, 8 जुलै आणि 12 ऑगस्ट या तीन बैठकांच्या इतिवृत्तांत एकूण 14 कामे ठरली आहेत. इतिवृत्तांनुसार त्यांपैकी 7 पूर्ण झाली आहेत. प्रत्येक कामाचा फोटो, चाचणीची नोंद किंवा सही केलेले वर्क ऑर्डर पाहिल्यावर मी 6 कामेच पूर्ण धरली आहेत. उरलेल्या 8 पैकी 3 कामांची मुदत उलटली आहे, 4 मुदतीत आहेत आणि एकाला मुदतच दिलेली नाही. “काम चालू आहे” एवढाच शेरा असलेले प्रत्येक काम मी प्रलंबित मोजले आहे.

सर्वांत गंभीर बाब सॉल्व्हंट यार्डातील टोल्युइन ड्रम भरण्याच्या जागेची आहे. “अर्थिंग तपासणे” हे काम 31 जुलैपर्यंत करायचे होते आणि ऑगस्टच्या इतिवृत्तात ते “पूर्ण” असे नोंदले आहे. 27 ऑगस्टला विद्युत पर्यवेक्षक व कामगार प्रतिनिधी यांच्यासह मी तिन्ही भरण केंद्रे पाहिली. तिसऱ्या केंद्रावरील क्लॅम्पचे दात गंजलेले असून तो ड्रमच्या रंगावरच बसतो, धातूला टेकत नाही. जूनच्या बैठकीत कामगार प्रतिनिधींनी नेमकी हीच तक्रार केली होती, असे माझ्या हस्तलिखित टिपणात आहे. परंतु इतिवृत्त लिहिताना तिचे दोन शब्द झाले, आणि विद्युत विभागाने त्या दोन शब्दांप्रमाणे अर्थिंगची पट्टी तपासून काम बंद केले. यात त्या विभागाला दोष देता येणार नाही, कारण इतिवृत्त मीच लिहिले होते आणि ही चूक माझी आहे. टोल्युइनचा प्रज्वलनांक सुमारे 4 अंश सेल्सिअस असल्याने आपल्याकडे वर्षभर त्याची पेट घेऊ शकणारी वाफ तयार होते, आणि ड्रम भरताना साठणारी स्थिर विद्युत वाहून नेण्यासाठी तो क्लॅम्प हाच मार्ग आहे. मी तिसरे केंद्र कुलूप लावून बंद केले असून, नवा टोकदार क्लॅम्प बसवून ड्रम ते अर्थिंग पट्टी हा रोध 10 ओहमपेक्षा कमी असल्याची नोंद मिळेपर्यंत ते उघडू नये, असा लेखी आदेश आपण उत्पादन विभागाला द्यावा, ही विनंती.

ॲसिड उतरवण्याच्या जागेवरील सेफ्टी शॉवरची मुदत 15 जुलैला संपली. ऑगस्टमधील चाचणीत चार मिनिटांतच धार बारीक झाली, कारण प्रोसेसचे पाणी त्याच लाइनवरून जाते. अंगावर ॲसिड पडलेल्या माणसाला किमान 15 मिनिटे अखंड पाणी मिळाले पाहिजे. स्वतंत्र लाइनचे पाइप आले आहेत. कंत्राटदाराची माणसे गणपतीसाठी 5 तारखेपासून गावी जाणार असल्याने काम 4 सप्टेंबरपर्यंत झाले नाही, तर ते 18 तारखेनंतरच सुरू होईल. तोपर्यंत ॲसिडचा टँकर उतरवताना प्रोसेसचा व्हॉल्व्ह बंद ठेवणे बंधनकारक करावे.

तिसरे मुदतबाह्य काम आपल्या मंजुरीसाठी थांबले आहे. 24 व्होल्टच्या फ्लेमप्रूफ हातदिव्यांचा इंडेंट 9 ऑगस्टपासून आपल्याकडे आहे. 23 सप्टेंबरच्या शटडाउनमध्ये दोन रिॲक्टरांत माणसे उतरणार आहेत, आणि कारखाने अधिनियम 1948 च्या कलम 36-अ नुसार पुरेशी सुरक्षा साधने नसताना टाकीत 24 व्होल्टपेक्षा जास्त दाबाचा हातदिवा नेता येत नाही, तसेच ज्वलनशील वाफेची शक्यता असल्यास दिवा फ्लेमप्रूफच असावा लागतो. दिवे न आल्यास मी टाकीप्रवेशाच्या परमिटवर सही करणार नाही, हे आताच कळवणे मला योग्य वाटते. या आठवड्यात मंजुरी मिळाल्यास दिवे वेळेत येतील, असे खरेदी विभागाने सांगितले आहे.

“बॉयलर हाउसच्या जिन्याची निसरडी पायरी मेंटेनन्सने पाहावी” या जुलैच्या कामाला ना जबाबदार व्यक्ती आहे, ना तारीख. यांत्रिक देखभाल अभियंत्यांशी बोलून मी 16 सप्टेंबर ही तारीख ठरवली आहे. आपली हरकत नसल्यास तीच कायम धरू.

चेन ब्लॉकची वार्षिक तपासणी, हायड्रंटच्या दोन गळक्या व्हॉल्व्हची दुरुस्ती, असेंब्ली पॉइंटचे हिंदी फलक आणि रात्रपाळीचे प्रथमोपचार प्रशिक्षण ही चार कामे मुदतीत आहेत. त्यांबाबत आपल्याकडून काही अपेक्षित नाही.

गणेशोत्सवामुळे पुढील बैठक 19 सप्टेंबरला आहे. त्या बैठकीपासून तक्रार मांडणाऱ्याचे मूळ शब्द इतिवृत्तात जसेच्या तसे लिहिले जातील आणि काम पूर्ण झाल्याच्या नोंदीवर त्याचीही सही घेतली जाईल.

आपला विश्वासू,
सुरक्षा अधिकारी