डोक्याला मार लागलेल्या पेशंटला घरी नेताना: नातेवाइकांसाठी सूचना

पेशंट: पुरुष, वय 62. आज मंगळवारी सकाळी 11 च्या सुमारास जिंतूर रोडवर मोटरसायकलवरून मागं बसलेले असताना पडले. दोन-तीन मिनिटं भान नव्हतं, एकदा उलटी झाली. डाव्या कानामागं 5 टाके. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आहे. सीटी स्कॅन नॉर्मल. सोबत: मुलगा आणि सून.

स्कॅन नॉर्मल आला म्हणजे तो काढला त्या वेळी मेंदूत रक्तस्राव किंवा कवटीला फ्रॅक्चर दिसलं नाही. ही चांगलीच गोष्ट आहे, आणि म्हणूनच आम्ही घरी सोडतोय. पण क्वचित एखाद्या पेशंटला नंतर, हळूहळू रक्त साचतं. ते पहिल्या 24 तासांत होण्याची शक्यता जास्त आणि साठीच्या पुढच्या माणसात धोका थोडा अधिकच. म्हणून गुरुवारी संध्याकाळपर्यंत, म्हणजे 48 तास, बाबांना एकटं सोडायचं नाही. शेजारी झोपणारा माणूस मोठा, समजदार आणि न प्यालेला हवा. नातवाला शेजारी झोपवलं म्हणजे झालं, असं नाही.

आजची रात्र कुठं काढायची

तुमचं गाव येलदरीकडं आहे, रात्री गाडी मिळायची मारामार. बहिणीचं घर परभणीतच आहे म्हणालात, तर आज तिथंच थांबा. गावीच जायचं असेल तर निघण्याआधी एक गाडीवाला सांगून ठेवा, जो रात्री 2 वाजता फोन केला तरी उठेल. लाईटीचा भरवसा नाही, तेव्हा मोबाईल आत्ताच चार्ज करा. नेताना रिक्षा किंवा जीप करा, पुन्हा मोटरसायकलवर बसवू नका.

झोपू द्यायचं की नाही

झोपू द्यायचं. डोक्याला मार लागला की झोपूच द्यायचं नाही, असं घरोघरी सांगतात, पण दमलेल्या माणसाला रात्रभर जागं ठेवून काही साधत नाही. फक्त आजच्या रात्री दर 2 ते 3 तासांनी उठवून बघा. अलार्म लावा, "जाग आली की बघू" यावर राहू नका.

उठवायचं म्हणजे नुसतं "बाबा, बरं आहे ना?" विचारून "हं" ऐकायचं नाही. पूर्ण जागं करा. आपण कुठं आहोत, हे कोण उभं आहे, आज काय झालं, असे दोन-तीन प्रश्न विचारा. पडतानाचं त्यांना आठवत नसेल तर घाबरू नका, तेवढं विस्मरण चालतं. पण सुनेला ओळखलं नाही, तर चालत नाही. मग तुमचे दोन्ही हात त्यांच्या हातात देऊन दाबायला लावा. जोर दोन्हीकडं सारखा लागला पाहिजे. दोन्ही पाय उचलायला सांगा. शेवटी मोबाईलच्या टॉर्चनं डोळ्यांच्या बाहुल्या बघा. त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आहे, त्यामुळं ती बाहुली आत्ताही जराशी वेगळी दिसते. निघण्याआधी सिस्टर तुम्हाला दाखवतील, नीट बघून घ्या, नाहीतर रात्री उगंच धास्ती घ्याल किंवा खरा फरक लक्षात यायचा नाही. सगळं ठीक असेल तर पुन्हा झोपू द्या.

एक ध्यानात ठेवा. कधी न घोरणारा माणूस मोठ्यानं घोरायला लागला आणि हलवून उठत नाही, तर ती गाढ झोप समजू नका.

यातलं एकही दिसलं तर लगेच परत आणा

- उठवूनही नीट जाग येत नाही, किंवा सारखी गुंगी वाढत चालली आहे
- असंबद्ध बोलणं, माणसं न ओळखणं, विनाकारण चिडून अंगावर येणं
- गोळी देऊनही डोकेदुखी वाढतच जाणं
- पुन्हा पुन्हा उलट्या
- फिट येणं किंवा हातपाय आखडणं
- एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, तोंड वाकडं होणं, जीभ जड होणं, चालताना तोल जाणं
- दोन-दोन दिसणं, नजर अंधुक होणं, बाहुल्या आत्ता पाहिल्या त्यापेक्षा वेगळ्या दिसणं
- नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा द्रव किंवा रक्त, किंवा एका कानानं ऐकू न येणं

वाट बघू नका. सकाळ होऊ द्या, आधी गावच्या डॉक्टरला दाखवू, एक सलाईन लावून बघू, यात जे दोन तास जातात तेच महागात पडतात. 108 ला फोन करा, अॅम्ब्युलन्स मोफत आहे. तिला वेळ लागतोय असं कळलं तर ठरवलेल्या गाडीनं निघा. "शंका आली म्हणून आणलं आणि काहीच निघालं नाही" असं झालं तरी इथं कुणी तुम्हाला बोलणार नाही.

फिट आली तर कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ कपडा ठेवा, आजूबाजूचं सामान बाजूला करा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवत बसू नका.

गोळ्या

डोकं दुखलं तर पॅरासिटामॉल 650 ची एक गोळी. दोन गोळ्यांत किमान 6 तासांचं अंतर, दिवसभरात 4 पेक्षा जास्त नाही. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन नको, कारण त्यांनी रक्तस्रावाला वाव मिळतो. मेडिकलवर "डोकं दुखतंय" म्हणून सांगून जे देतील ते घेऊ नका, ठणक मारणारं इंजेक्शनही टोचून घेऊ नका. झोपेची गोळी, दारू, गांजा अजिबात नको. त्यांची गुंगी आणि मेंदूची गुंगी यातला फरक तुम्हालाच काय, आम्हालाही पटकन कळत नाही. बीपीची गोळी रोजच्यासारखी चालू ठेवा.

खाणं, विश्रांती, जखम

आज रात्री हलकं द्या, मऊ भात, खिचडी, ताक. पाणी वरचेवर. बघायला येणाऱ्यांना दोन दिवस थोपवा. अंगणात पंधरा माणसं बसली की पेशंटला विश्रांती कुठली. टीव्ही, मोबाईल कमी. डोक्याला तेल लावून मालीश नको. जखमेवर हळद, चुना, तंबाखू काही भरू नका. पट्टी कोरडी ठेवा.

थोडी डोकेदुखी, चक्कर, उजेड-आवाज सहन न होणं, चिडचिड, विसरायला होणं, हे एक-दोन आठवडे राहू शकतं. दर दिवसाला कमी होत गेलं पाहिजे. तोपर्यंत मोटरसायकल चालवणं, झाडावर किंवा माळवदावर चढणं, विहिरीत उतरणं, फवारणी बंद. रात्री मोटर चालू करायला त्यांना पाठवू नका, हे मुद्दाम लिहितोय.

या वयात तीन-चार आठवड्यांनीही हळूहळू रक्त साचू शकतं. महिन्याभरात डोकेदुखी पुन्हा सुरू झाली, चालणं अडखळायला लागलं किंवा बाबा नेहमीसारखे वाटेनात, तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका, दाखवायला आणा.

टाके पुढच्या बुधवारी, सकाळच्या ओपीडीत काढायचे. येताना स्कॅनची फिल्म आणि हा कागद सोबत आणा.