सराव प्रश्नसंच : १८५७ चा उठाव

वेळ १० मिनिटे, गुण ५. प्रत्येक पर्याय याच धड्यातून आलेला आहे. चुकीचा पर्यायही खरा वाटेल, पण तो दुसऱ्याच गावचा, घटनेचा किंवा वर्षाचा असेल. उत्तरे झाकून सोडवा.

१. डलहौसीने १८५६ मध्ये अवध कोणत्या कारणाखाली खालसा केले?
अ) दत्तक वारस नामंजूर
ब) फौजेच्या खर्चाची थकबाकी
क) राज्यकारभारातील अव्यवस्था
ड) युद्धातील पराभव

२. १० मे १८५७ रोजी मेरठच्या शिपायांनी उठाव केला, त्याचे तात्कालिक कारण कोणते?
अ) मंगल पांडे यांना फाशी
ब) ८५ साथीदारांना तुरुंगवास
क) दिल्लीचा ताबा
ड) समुद्रपार जाण्याची सक्ती

३. तात्या टोपे यांना फाशी कोठे देण्यात आली?
अ) ग्वाल्हेर
ब) कानपूर
क) काल्पी
ड) शिवपुरी

४. १८५८ च्या कायद्याने लंडनमध्ये कोणते नवे पद निर्माण झाले?
अ) भारतमंत्री
ब) व्हाइसरॉय
क) बोर्ड ऑफ कंट्रोलचा अध्यक्ष
ड) गव्हर्नर जनरल

५. राणीच्या जाहीरनाम्यात यांपैकी कोणते आश्वासन नव्हते?
अ) संस्थानिकांशी केलेले करार पाळणे
ब) धर्मात हस्तक्षेप न करणे
क) कायदेमंडळात निवडून जाण्याचा हक्क
ड) पात्रतेनुसार सरकारी नोकरी

उत्तरे आणि चूक कुठे झाली

१ – क. या प्रश्नात सर्वाधिक मुले 'अ' लिहितात, आणि ते स्वाभाविक आहे. सातारा, झाशी, नागपूर ही नावे पाठ असल्याने डलहौसी म्हटले की दत्तक नामंजूर हेच आठवते. अवधच्या नवाबाला, वाजिद अली शाहला, वारस नसल्याचा प्रश्नच नव्हता. दोष दाखवला तो कारभाराचा. बाकीचे पर्यायही डलहौसीच्याच काळातले: फौजेच्या थकबाकीपायी १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड घेतला, आणि युद्धानंतर १८४९ मध्ये पंजाब. 'अ', 'ब' किंवा 'ड' लिहिले असेल, तर राज्य, वर्ष आणि कारण असा तीन रकान्यांचा तक्ता स्वतःच्या हाताने करा.

२ – ब. काडतुसे नाकारणाऱ्या ८५ जणांना ९ मे रोजी सर्वांदेखत बेड्या घातल्या. मंगल पांडे यांची फाशी बराकपूरची, ८ एप्रिलची. दिल्लीचा ताबा ११ मेचा, म्हणजे कारण नव्हे, परिणाम. समुद्रपार जाण्याची अट १८५६ च्या कायद्याची, आणि ती नव्या भरतीसाठी.

३ – ड, १८ एप्रिल १८५९. ग्वाल्हेर लिहिले असेल, तर राणी लक्ष्मीबाईंच्या अखेरच्या लढाईशी गल्लत झाली.

४ – अ. व्हाइसरॉय भारतात बसे. बोर्ड ऑफ कंट्रोल याच कायद्याने बरखास्त झाले.

५ – क. प्रश्नातला 'नव्हते' हा शब्द वाचायचा राहिला, की पहिलाच पर्याय बरोबर वाटतो. त्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारा.