विषय: २७ इंची मॉनिटर VQ27-165 : कमी ब्राइटनेसवर स्क्रीन सतत फ्लिकर होणे, वॉरंटीतील तक्रार

प्रति,
ग्राहक तांत्रिक सहाय्य विभाग

सप्रेम नमस्कार.

आपल्या कंपनीचा VQ27-165 हा मॉनिटर मी गेल्या जानेवारीत कोल्हापूरमधील अधिकृत विक्रेत्याकडून घेतला असून तो अजून वॉरंटीत आहे. बिलाची प्रत आणि मागील बाजूच्या स्टिकरचा फोटो सोबत जोडला आहे. अनुक्रमांक त्यात स्पष्ट वाचता येतो.

गेल्या काही आठवड्यांपासून स्क्रीनचा उजेड अनियमितपणे कमी-जास्त होतो. चित्र जात नाही, स्क्रीन काळी पडत नाही, रेषाही उमटत नाहीत. फक्त प्रकाश एकदम मंदावतो आणि लगेच पूर्ववत होतो. खालच्या अर्ध्या भागात हे अधिक जाणवते. मॉनिटरच्या मेनूत Brightness ४० च्या खाली असताना त्रास सर्वाधिक असतो, ७० च्या पुढे तो बराच कमी होतो आणि १०० वर जवळजवळ दिसत नाही. सकाळी मॉनिटर सुरू केल्यावर पहिला अर्धा तास तो विशेष वाईट असतो, हेही इथे नोंदवते.

मॉनिटर विंडोज ११ असलेल्या डेस्कटॉपला डिस्प्लेपोर्टने जोडलेला आहे आणि रिझोल्यूशन २५६०×१४४० आहे. केबलचीच शंका प्रथम घेतली जाईल, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहिते. सुरुवातीला खोक्यातून आलेली केबल वापरात होती. ती बदलून DP8K प्रमाणपत्र असलेली नवी, आखूड केबल लावली, ग्राफिक्स कार्डावरचा पोर्टही बदलला, पण फरक पडला नाही. त्यानंतर HDMI केबलने तोच संगणक जोडला आणि शेवटी घरातला लॅपटॉप जोडून पाहिला. दोन्ही वेळी उजेड तसाच हलत राहिला. उलट, याच संगणकाला त्याच डिस्प्लेपोर्ट केबलने दुसरा मॉनिटर जोडला असता तो स्थिर चालतो.

सेटिंग्जमध्ये Refresh rate १६५ वरून १२० आणि नंतर ६० हर्ट्झवर आणला. मॉनिटरच्या मेनूतील Adaptive Sync आणि Dynamic Contrast बंद केले, Overdrive सर्वांत सौम्य पातळीवर ठेवले, विंडोजमधील HDR बंद असल्याची खात्री केली, ग्राफिक्स ड्रायव्हर काढून पुन्हा बसवला आणि शेवटी Factory Reset केला. Adaptive Sync चालू असताना फ्रेम रेट खालीवर झाल्यास काही पॅनेलवर उजेड हलतो, हे मला माहीत आहे. मात्र ते बंद असताना, कोऱ्या पांढऱ्या पानावर आणि स्थिर ६० हर्ट्झवरही हा दोष दिसतो.

माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. सर्व केबल काढून टाकल्यावर No Signal हा संदेश दिसत असतानाही तो संदेश चित्रासारखाच फिकट-उजळ होतो. तेव्हा संगणक, केबल किंवा ड्रायव्हर यांचा संबंधच उरत नाही. दोष बॅकलाइटच्या वीजपुरवठ्यात किंवा त्याचा प्रकाश नियंत्रित करणाऱ्या सर्किटमध्ये असावा, असे मला वाटते. निदान अर्थातच आपल्या तंत्रज्ञाने करावे. वीज हे कारण असेल का, हे पाहण्यासाठी मॉनिटर वेगळ्या खोलीतील सॉकेटवर आणि यूपीएसवरही चालवला. फक्त सोबतचा १९ व्होल्टचा अडॅप्टर बदलून पाहता आलेला नाही, कारण त्याच क्षमतेचा दुसरा अडॅप्टर माझ्याकडे नाही आणि अंदाजाने भलताच लावणे मला योग्य वाटले नाही.

स्क्रीनशॉटमध्ये हा दोष येऊच शकत नाही, म्हणून मोबाइलचे एक्स्पोजर लॉक करून घेतलेले दोन छोटे व्हिडिओ जोडले आहेत : एक Brightness ३० वर, दुसरा No Signal संदेशाचा.

माझी विनंती अशी की, केबल बदलणे आणि रीसेट करणे या पायऱ्या पुन्हा करायला न सांगता तंत्रज्ञाची भेट ठरवावी आणि त्यांनी येताना या मॉडेलचा अडॅप्टर सोबत आणावा. अडॅप्टर बदलून प्रश्न सुटला तर उत्तमच. न सुटल्यास मॉनिटर बदलून मिळावा. मेनूत फर्मवेअर M1.04 दिसते, या दोषावर नवी आवृत्ती निघाली असल्यास तसेही कळवावे. मॉनिटर सेवा केंद्रात न्यावा लागणार असेल, तर तो किती दिवस तिथे राहील आणि तेवढ्या काळासाठी पर्यायी मॉनिटर मिळेल का, हे आधी सांगावे. मी पुस्तके आणि दिवाळी अंकांची पानमांडणी करते. सध्या अंकांची पाने छपाईला जाण्याचे दिवस आहेत, आणि हलत्या उजेडात करड्या छटा तपासणे व दिवसभर बारीक मजकूर वाचणे डोळ्यांना फार जड जात आहे.

भेटीसाठी सोमवार ते शनिवार सकाळी १० ते दुपारी १ ही वेळ सोयीची आहे. पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक वॉरंटी नोंदणीत आहेत तेच कायम आहेत.

आपली,
मेघना
पानमांडणीकार, कोल्हापूर

सोबत : बिलाची प्रत, स्टिकरचा फोटो, दोन व्हिडिओ