आत्याच्या रोजच्या इन्हेलरचं माहितीपत्रक, ऐकण्यासाठी

आत्या, हे तुझ्या दम्याच्या रोजच्या इन्हेलरचं पत्रक आहे. इंग्रजीतून मराठीत आणून बोलल्यासारखं लिहिलं आहे. तक्ते आणि चित्रं काढली आहेत, त्यांतलं सगळं वाक्यांत सांगितलं आहे. लहान मुलांचा आणि गरोदरपणाचा भाग वगळला आहे. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला तो कशाबद्दल आहे ते सांगितलं आहे, म्हणजे नको तो भाग तुला सोडता येईल.

पहिला भाग, धोक्याची वेळ. अचानक धाप लागली तर हा इन्हेलर नाही, धाप लागल्यावर घ्यायचा दुसरा इन्हेलर घे. तो घेऊनही श्वास मोकळा होत नसेल, किंवा एक वाक्यही सलग बोलता येत नसेल, तर थांबू नकोस. शेजारी हाक मार आणि १०८ नंबरला फोन लाव.

दुसरा भाग, दोन इन्हेलर ओळखायचे कसे. पत्रकात रंगावरून ओळखा असं आहे, त्याचा तुला उपयोग नाही. म्हणून रोजच्या इन्हेलरला जाड रबरबँड लावला आहे. तो प्लॅस्टिकच्या भागावरच राहू दे. वरच्या धातूच्या डबीवर सरकला तर डबी नीट दाबली जात नाही.

तिसरा भाग, औषध किती. डॉक्टरांनी सकाळी दोन पफ आणि रात्री दोन पफ लिहून दिले आहेत. बरं वाटलं तरी मनाने बंद करायचं नाही. यातलं एक औषध श्वासनळीची सूज हळूहळू उतरवतं, आणि ते रोज घेतलं तरच काम करतं. एखादी वेळ चुकली तर आठवेल तेव्हा घे. पुढची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून दे. दुप्पट घेऊ नकोस.

चौथा भाग, घ्यायची रीत. हा सगळ्यात महत्त्वाचा, सावकाश ऐक. ताठ बस. इन्हेलरचं झाकण काढ आणि तोंडाच्या भागात बोट फिरवून काही अडकलं नाही ना ते बघ. इन्हेलर जोरात हलव, मनात पाच मोजेपर्यंत. न हलवता घेतलं तर एका पफात औषध कमी आणि दुसऱ्यात जास्त येतं. आता इन्हेलर स्पेसरच्या, म्हणजे औषध तोंडापर्यंत नेणाऱ्या प्लॅस्टिकच्या नळीच्या, मागच्या भोकात बसव. धातूची डबी वर आली पाहिजे. अंगठा खाली, पहिलं बोट डबीवर. श्वास पूर्ण बाहेर सोड, पण स्पेसरमध्ये फुंकू नकोस. स्पेसरचं टोक दातांमध्ये धर आणि ओठ घट्ट मीट. डबी एकदाच दाब आणि लगेच हळूहळू, खोल श्वास आत घे. मग श्वास रोखून मनात दहा मोज. दहा जमत नसतील तर जमेल तेवढे. श्वास सोड. अर्धा मिनिट थांब, इन्हेलर पुन्हा हलव आणि दुसरा पफ घे. दोन पफ एकदम स्पेसरमध्ये सोडू नकोस. दाबल्यावर वेळही घालवू नकोस. दोन्हीमुळे औषध स्पेसरच्या भिंतींना चिकटतं आणि छातीत कमी पोचतं.

पाचवा भाग, चूळ. दर वेळी शेवटी पाण्याने गुळण्या कर आणि पाणी थुंकून टाक. ते राहून गेलं तर तोंडात पांढरा, बुरशीचा थर येऊ शकतो, आणि आवाजही बसू शकतो. जीभ हुळहुळली किंवा गिळताना दुखलं तर डॉक्टरांना सांग.

सहावा भाग, आणखी काय होऊ शकतं. हात थोडे थरथरतात, छातीत धडधडतं, डोकं दुखतं. बहुतेकदा हे काही दिवसांत कमी होतं. धडधड थांबतच नसेल तर डॉक्टरांना फोन कर.

सातवा भाग, औषध संपलं हे कसं कळेल. डबी हलवून कळत नाही, कारण औषध संपल्यावरही आत वायू उरतो आणि फवारा उडतो. डबीत १२० पफ असतात. नवी डबी आणली की पहिल्यांदा दोन पफ हवेत सोडायचे. मग रोजचे चार धरून २९ दिवस पुरतात. एका वाटीत २९ चिंचोके ठेव आणि रात्रीचे दोन्ही पफ झाले की एक काढ. पाच उरले की मला सांग, मी नवी डबी आणेन.

आठवा भाग, निगा. स्पेसर आठवड्यातून एकदा कोमट पाण्यात थोडा साबण घालून धू आणि तसाच वाळू दे. आतून फडक्याने पुसू नकोस, पुसल्याने औषध आत चिकटायला लागतं. इन्हेलर उन्हात किंवा गॅसजवळ ठेवू नकोस. रिकामी डबी फोडायची नाही, जाळात टाकायची नाही. आतल्या दाबाने ती फुटते.