पाणी कुठवर आलं? (ट्रेलर संहिता, ड्राफ्ट ३)

मूळ माहितीपट ७४ मिनिटं. ट्रेलर १ मिनिट ४० सेकंद.

एडिटरसाठी: मूळ क्रम मोडलाय. ब्रह्मगिरीवरचा उगम, गंगापूर धरणाचा इतिहास, अधिकाऱ्यांच्या मुलाखती, सगळं बाहेर. ड्रोन शॉटही काढलाय, वाईट वाटून घेऊ नकोस. पाणी किती चढलं ते दाखवणारी शिडी एकच ठेवलीय, नाशिकच्या गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीचं अंग; गोदावरीचा पूर लोक त्यावरच मोजतात. निवेदन नाही. म्युझिक ०:५५ पर्यंत नाही.

०:०० (मूळ सीन ४)
पहाट, गोदाघाट. कोरड्या फरशीवर मारुतीची पावलं. झाडूचा आवाज. फुलवाली टोपली मांडतेय.
फुलवाली: गंगेचं काय, आपलीच आहे ती.

०:१२ (सीन २२)
रामकुंडाजवळ एक आजोबा काठीनं काँक्रीट ठोकतात. ठक. ठक.
आजोबा: याच्याखाली झरे होते.
दोन सेकंद नुसता त्यांचा चेहरा. कापू नको.

०:२४ (सीन ३१)
पत्र्यावर पावसाचा पहिला थेंब. मग धो धो.
लाउडस्पीकर, लांबून: धरणातून विसर्ग वाढवण्यात येत आहे. नदीकाठच्या नागरिकांनी…
पाणी मारुतीच्या गुडघ्यांना.

०:३६ (सीन ३३, ३८)
हातगाड्या ओढत पळणारी पोरं. भिजलेल्या अगरबत्त्यांचं खोकं. फुलवाली टोपली डोक्यावर घेऊन पायऱ्या चढते, मागे बघत नाही.
पाणी कमरेला.
पोरगा, फोनवर: काका, दुकान रिकामं करा! आत्ता!

०:५५ (सीन ४७)
ढोल, एकच ठोका. दर ठोक्याला काळ्या पडद्यावर साल:
१९६९.
२००८.
२०१६.
२०१९.
दोन सालांमधलं अंतर जितकं कमी, तितका ठोका जवळ. २०१६ नंतर श्वास घ्यायला जागा नको.

१:०८ (सीन ५२)
सराफ बाजार. अर्धं शटर, टॉर्चच्या उजेडात काका वह्या उचलतात.
काका: सरकारवाड्याच्या पायऱ्या मोजा रे! किती राहिल्या?
बाहेरून आवाज: मोजता येत नाहीत, काका!

१:१८
फक्त पाणी. छाती. गळा. तीन फ्रेम, तीन ठोके. (हे सीन ५५ मध्ये चार मिनिटं चालतं. तिथे ते हवंच, इथे नऊ सेकंद पुरे.)

१:२७
शेंदरी डोकं. भोवरा. डोकं नाही.
आवाज बंद. पाऊससुद्धा.

१:३०
काळा पडदा. पांढरी अक्षरं, एकेक ओळ:
मारुती बुडाला.
आता मोजायचं कशानं?

१:३४
अंधारात मोबाइलची रिंग. कुणीतरी उचलतं.
बाईचा आवाज, झोपेतला, नाशकाबाहेरून: हॅलो… बाबा?

शीर्षक, शेवटच्या सेकंदापर्यंत:
पाणी कुठवर आलं?