खानापुरातील नवशिक्यांसाठी दोन दिवसांची कुंभारकाम कार्यशाळा : ७ व ८ फेब्रुवारी २०२६

ज्यांनी आजवर चाकावरच्या मातीला कधी हात लावलेला नाही, अशा मंडळींसाठी शनिवार, ७ फेब्रुवारी आणि रविवार, ८ फेब्रुवारी २०२६ रोजी, सकाळी साडेनऊ ते दुपारी साडेचार या वेळेत, खानापूर येथे आमच्या घरामागील कामाच्या शेडमध्ये ही कार्यशाळा भरत आहे. एकूण जागा आठ असून दोन्ही दिवसांचे मिळून शुल्क प्रत्येकी ₹१,६०० आहे. पूर्वानुभवाची अट नाही. चित्रकला येत असली पाहिजे, हात वळणदार असले पाहिजेत, असेही काही नाही.

खानापूर तालुक्याला कुंभारकामाची जुनी ओळख आहे आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाचे शिक्षण देणारी संस्थाही याच गावात आहे. आमच्या घरात हे काम वडिलांकडून आमच्याकडे आले. ज्या मातीवर हे घर चालले, तीच माती आपल्याही हाती देणार आहोत. बाहेरून आणलेली, पिशवीत बंद केलेली तयार माती येथे वापरली जात नाही.

म्हणूनच पहिल्या दिवसाची सकाळ चाकासाठी नाही, मातीसाठी राखून ठेवली आहे. वाळलेली ढेकळे फोडणे, चाळणे, भिजवलेली माती पायांनी तुडवणे आणि शेवटी पाटावर दोन्ही हातांनी मळणे ही सारी कामे आपण स्वतः करायची आहेत. मातीत बारीक वाळू किती घालावी, हे बोटांना कळावे लागते, कारण वाळू कमी पडली तर सुकताना भांडे तडकते आणि जास्त झाली तर चाकावर ते उचलत नाही. अनेकांना ही तयारी कंटाळवाणी वाटेल अशी शंका येते, परंतु आमचे ठाम मत आहे की ज्याने माती मळली नाही, त्याला चाकावर ती का ऐकत नाही हे कधीच उमगणार नाही. मळताना आत अडकलेली हवा बाहेर काढली जाते; ती आत राहिली तर चाकावर बोटांखाली फुगवटा येतो आणि सरळ वर येणारी भिंत तेथेच वाकडी होते.

दुपारनंतर हाताने घडवण्याचे काम सुरू होईल. एका लहान गोळ्यात अंगठा रोवून, तो फिरवत फिरवत पणती कशी काढायची, मातीच्या वळकट्या एकावर एक चढवून लहान बोळके कसे उभे करायचे आणि लाकडी थापटण्याने त्याचे अंग कसे दाबून घ्यायचे, हे आपण करून पाहाल. थापटताना आतून गोल दगडाचा आधार धरावा लागतो, म्हणजे भिंत पातळ होत जाते तरी फाटत नाही.

रविवारचा जवळजवळ संपूर्ण दिवस चाकाचा आहे, आणि या दिवसाबद्दल थोडे सविस्तर सांगणे आवश्यक वाटते. चाकावर बसल्यावर पहिले काम भांडे करण्याचे नसते. गोळा चाकाच्या बरोबर मधोमध स्थिर करणे हेच ते काम. कोपर मांडीवर टेकवून, हात पाण्याने ओले ठेवून, फिरणाऱ्या गोळ्यावर दोन्ही तळव्यांचा सारखा दाब द्यायचा असतो, आणि सुरुवातीला तो गोळाच आपले हात हलवू लागतो. दाब वाढवून हे सुधारत नाही. खांदे सैल सोडून हात जागच्या जागी थांबवले, की काही वेळाने गोळ्याचे डुगडुगणे थांबते आणि चाक फिरत असूनही माती जणू स्थिर उभी आहे असे दिसू लागते. हा क्षण प्रत्येकाला वेगवेगळ्या वेळी येतो. तो आल्यावर मग अंगठ्याने मध्यभागी खोलगा करणे, आतले आणि बाहेरचे बोट समोरासमोर ठेवून भिंत हळूहळू वर घेणे आणि शेवटी ओल्या दोऱ्याने तळ कापून भांडे उचलणे, या पायऱ्या आपण क्रमाने शिकाल. बहुतेकांची पहिली भांडी कोसळतात. त्यात काहीही वाया जात नाही, कारण न भाजलेली माती पुन्हा भिजवून, मळून वापरता येते.

दिवसअखेरीस प्रत्येकाने आपल्या कामांपैकी दोन वस्तू भाजण्यासाठी निवडायच्या आहेत. त्या सावलीत सुकतील, मग उन्हात, आणि शनिवार, २१ फेब्रुवारी रोजी संध्याकाळी लाकूड, गोवऱ्या आणि पेंढा रचून आवा लावला जाईल. घाईने भाजलेल्या ओलसर भांड्यातील पाण्याची वाफ होऊन ते फुटते, यासाठी मधले हे दिवस लागतात. आव्यातील उष्णता साधारण ८०० ते ९०० अंश सेल्सिअसपर्यंत जाते. या उष्णतेनंतर माती पुन्हा पाण्यात विरघळत नाही, आणि तिच्यातील लोहामुळे भांड्याला तो ओळखीचा तांबडा रंग येतो. आवा लावताना आणि दुसऱ्या दिवशी, म्हणजे २२ फेब्रुवारीला दुपारनंतर तो उघडताना, आपण जरूर यावे; त्याचे वेगळे शुल्क नाही. गार झालेल्या भांड्यावर बोटाने टिचकी मारून खणखणीत आवाज येतो की बद्द, हे ऐकून भांड्याचे पक्केपण ओळखायला तेव्हाच शिकता येते. आमच्या भांड्यांना झिलई नसते, त्यामुळे त्यांतून पाणी किंचित पाझरते. पणती, रोपाची कुंडी किंवा पिण्याच्या पाण्याचे लहान मडके यांसाठी ती योग्य आहेत.

जागा आठच का, असे विचारले जाते. आमच्याकडे विजेवर चालणारी चार चाके आहेत आणि एका चाकावर दोघांनी आलटून पालटून बसले, तरच प्रत्येकाला पुरेसा सराव मिळतो. शिवाय चाकावर शिकवताना शेजारी बसून हाताला हात लावून दाब दाखवावा लागतो, आणि गर्दीत ते जमत नाही. त्यामुळे नववी नोंद कितीही आग्रह झाला तरी घेतली जाणार नाही. ते नाव पुढील कार्यशाळेसाठी लिहून ठेवले जाईल.

शुल्कात माती, अवजारे, दोन वस्तूंची भाजणी, दोन्ही दिवसांचे दुपारचे जेवण आणि चहा समाविष्ट आहे. जेवण घरचे, शाकाहारी असेल : ज्वारीची भाकरी, उसळ, भाजी आणि ताक. दोनपेक्षा अधिक वस्तू भाजून हव्या असल्यास प्रत्येक वस्तूसाठी ₹६० जास्त द्यावे लागतील. बारा वर्षांवरील मुलांना पालकांसह प्रवेश आहे, मात्र प्रत्येकाची जागा आणि शुल्क स्वतंत्र धरले जाईल.

येताना जुने सुती कपडे घालावेत, नखे कापलेली असावीत, आणि अंगठ्या व बांगड्या घरीच ठेवाव्यात. हाताला ताजी जखम असेल तर कृपया आधी कळवावे. ज्यांना गुडघ्यांचा किंवा पाठीचा त्रास आहे, त्यांच्यासाठी उंच बाकावर काम करण्याची सोय आहे. शिकवणे मराठीतून होईल, आणि कन्नडभाषकांना तेच कन्नडमधून समजावून सांगितले जाईल.

बेळगावहून गोव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर खानापूर आहे. बस मिळते, आणि बेळगाव–लोंढा मार्गावरचे रेल्वे स्थानकही गावातच आहे. नोंदणीसाठी याच खात्यावर आपले नाव, वय आणि गाव लिहून निरोप पाठवावा. उत्तरात शुल्क भरण्याचा क्यूआर कोड आणि घरापर्यंतचा नकाशा मिळेल. शुल्क जमा झाल्यावरच जागा निश्चित होईल. बुधवार, ४ फेब्रुवारीपर्यंत येणे रद्द केल्याचे कळवल्यास संपूर्ण रक्कम परत केली जाईल. त्यानंतर रक्कम परत मिळणार नाही, परंतु आपल्याऐवजी दुसऱ्या कोणाला पाठवता येईल.